यांत्रिक भाषांतरातून आलेली उत्पादन-शीर्षके: संपादकाने नेमके काय तपासावे?

अनुपमा_सं
एका बहुभाषिक ऑनलाइन दुकानासाठी मी मराठी संपादनाचे काम करते. विक्रेते शीर्षके इंग्रजीत भरतात, यंत्र त्यांचे चार भाषांत भाषांतर करते आणि प्रत्येक भाषेचा संपादक आपापली यादी तपासून पुढे पाठवतो. आमची सध्याची पद्धत अशी की, डावीकडे मूळ शीर्षक आणि उजवीकडे भाषांतर ठेवायचे, दोन्ही वाचायची आणि व्याकरण किंवा शुद्धलेखन खटकले तर दुरुस्त करायचे. असे तपासलेले शीर्षक वाचायला बरे वाटते, तरीही 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' या कारणाने माल परत येतो आणि त्यातल्या काही तक्रारी थेट मराठी शीर्षकाकडे बोट दाखवतात.

एक नमुना देते. मॉडेलचे नाव बदलले आहे.

```
Replacement Strap Compatible with K200 Watch, Silver, 20 mm, Pack of 2 (Watch Not Included)

K200 घड्याळाशी सुसंगत बदली पट्टा, चांदी, 20 मिमी, 2 चा पॅक (घड्याळ समाविष्ट नाही)
```

यात व्याकरणाची चूक नाही आणि एकही शब्द गाळलेला नाही. मग तपासताना मी काय पाहायला हवे होते, हा माझा प्रश्न आहे.

वाटाड्या
यावर सोपा उपाय आहे. मराठी शीर्षक पुन्हा यंत्राकडून इंग्रजीत करून घ्या आणि मूळाशी ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तेवढेच माणसाने वाचावे. आमच्याकडे माहितीपत्रकांसाठी हीच युक्ती वापरतात आणि तिने बराच वेळ वाचतो.

तळटीप
वाटाड्या, लांब वाक्यांत एखादे वाक्यच गळले असेल तर ही युक्ती ते पकडते, तेवढे मान्य. पण अनुपमाताईंच्या नमुन्यावर ती लावून पाहा. 'चांदी' या शब्दाचे उलट भाषांतर पुन्हा 'सिल्व्हर' असेच येणार आणि मूळाशी तंतोतंत जुळणार. मूळ शीर्षकात तो शब्द रंगासाठी होता, मराठीत तो धातू झाला आणि परतीच्या वाटेवर ही चूक आपोआप झाकली गेली. ज्या शब्दाला मूळ भाषेत दोन अर्थ आहेत, नेमक्या त्याच शब्दापाशी उलट भाषांतर निरुपयोगी ठरते, आणि शीर्षकांतल्या महागड्या चुका बहुतेक अशाच शब्दांच्या असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते अडचण तपासण्याच्या क्रमात आहे. मूळ शीर्षक आधी वाचले की आपल्याला वस्तू कळलेली असते; त्यानंतर भाषांतर वाचताना आपण ते वाचत नाही, ओळखतो. ग्राहकाजवळ मूळ शीर्षक नसते. म्हणून मूळ शीर्षक झाकून ठेवावे, फक्त मराठी शीर्षक वाचावे आणि स्वतःला एकच गोष्ट विचारावी: हे मागवले तर खोक्यातून काय निघेल, किती नग निघतील आणि ते कशाचे बनलेले असतील? उत्तर मनात पक्के झाल्यावर उत्पादनाच्या रकान्यांत भरलेल्या माहितीशी, म्हणजे प्रकार, साहित्य, रंग, माप आणि नगसंख्या यांच्याशी, ते ताडून पाहावे. मूळ शीर्षक उघडायचे ते सर्वांत शेवटी, आणि तेही काही गळले आहे का एवढे पाहण्यापुरते.

तुमच्या नमुन्यात साहित्याच्या रकान्यात 'स्टेनलेस स्टील' आणि रंगाच्या रकान्यात 'सिल्व्हर' असणार, अशी माझी अटकळ आहे. नुसते मराठी शीर्षक वाचणारा माणूस 'चांदीचा पट्टा' असे उत्तर देईल आणि रकाना उघडताच विसंगती समोर येईल. दोन शीर्षके शेजारी ठेवून ती कधीच दिसणार नाही.

अनुपमा_सं
आताच पाहिले. साहित्य: स्टेनलेस स्टील, रंग: सिल्व्हर. अटकळ बरोबर आहे.

खडूस_वाचक
म्हणजे इतके दिवस स्टीलचा पट्टा चांदीच्या नावाने विकला जात होता आणि व्याकरण मात्र निर्दोष होते. उत्तम.

मीनाक्षी
रंग आणि धातू यांचा हा घोळ दागिन्यांच्या विभागात फार मोठा आहे, कारण तिथे तो शब्दाचा प्रश्न न राहता मालाबद्दलचा दावा होतो. 'गोल्ड टोन' म्हणजे सोनेरी रंगाचे. यंत्र कधी 'टोन' गाळते आणि शीर्षकात 'सोन्याचे' असे उरते. 'जर्मन सिल्व्हर' हा तर खास सापळा आहे. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, त्यात चांदी मुळीच नसते. त्याचे 'जर्मन चांदी' केले की ग्राहकाची फसवणूक होते आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला धोक्याची सूचनाही मिळत नाही. आम्ही 'जर्मन सिल्व्हर' तसेच ठेवतो. रंग सांगायचा असेल तर 'चंदेरी' आणि 'सोनेरी', आणि धातू सांगायचा असेल तरच 'चांदीचे', 'सोन्याचे', असे आम्ही ठरवून टाकले आहे. साहित्याच्या रकान्यात तो धातू नसेल तर दुसऱ्या प्रकारचा शब्द शीर्षकात येऊच शकत नाही.

'फॉ लेदर' याचीही तीच गत आहे. 'फॉ' हे अक्षर यंत्र कधी नाव समजून तसेच ठेवते, कधी गिळून टाकते. 'कृत्रिम चामडे' असे लिहिले नाही तर शीर्षक खोटे ठरते.

गणकयंत्र
माणसाने काय वाचावे याबद्दल वरचे पटले, पण आकडे माणसाने तपासूच नयेत, कारण शेकडो शीर्षके वाचल्यावर २० आणि २२ यांतला फरक डोळा सोडून देतो. मूळ आणि भाषांतर यांतले सर्व अंक काढून जुळवायला दोन ओळी पुरतात:

```python
import re
def anka(s):
    return sorted(int(x) for x in re.findall(r"\d+", s))
```

दोन्ही शीर्षकांसाठी उत्तर सारखे आले नाही तर ते शीर्षक अडवायचे. क्रम लावून घेतला आहे, कारण भाषांतरात शब्दांची जागा बदलते. पायथनमध्ये `\d` हे देवनागरी अंकही ओळखते आणि `int` त्यांचे रूपांतरही करते, त्यामुळे एका बाजूला 20 आणि दुसऱ्या बाजूला २० असले तरी चालते. जावास्क्रिप्टमध्ये `\d` फक्त 0 ते 9 पाहते, म्हणून तिथे हीच तपासणी देवनागरी अंकांकडे काणाडोळा करील.

तळटीप
उपयोगी आहे, आम्हीही असेच काही वापरतो. दोन मर्यादा मात्र सांगायला हव्यात. क्रम लावून घेतल्यामुळे '20 मिमी, 2 नग' याच्या जागी '2 मिमी, 20 नग' आले तरी तुमची तपासणी 'ठीक' म्हणेल. म्हणून अंक एकटा न घेता त्याच्या पुढच्या एककासह जोडी करून जुळवावा. दुसरे असे की, 'पेअर', 'ट्विन पॅक', 'डझन' यांत अंकच नसतो, त्यामुळे ती शीर्षके या जाळ्यातून निसटतात. नगसंख्येसाठी रकाना हाच खरा आधार.

गणकयंत्र
एककासह जोडीचे मान्य. मात्र 'mm' आणि 'मिमी' यांची जुळणी सांगणारी सारणी प्रत्येक भाषेसाठी वेगळी करावी लागेल. ती करतो.

रानवाटा
मी विक्रेता आहे. माझ्या ब्रँडचे नाव रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द आहे आणि एका दुकानाने त्याचेच भाषांतर करून टाकले. ग्राहक माझे नाव शोधतो, त्याला काही सापडत नाही, आणि मी तक्रार केली की 'प्रणालीत बदल करता येत नाही' असे उत्तर मिळते. अशा वेळी संपादक काय करीत असतात, हे इथे कोणी सांगेल का?

मीनाक्षी
रानवाटा, तुमचा राग समजतो. ब्रँड आणि मॉडेल क्रमांक भाषांतराला पाठवण्यापूर्वीच बाजूला काढायला हवेत आणि त्यांच्या जागी एखादी निशाणी ठेवून, भाषांतर झाल्यावर ते परत बसवायला हवेत. हे काम प्रणालीचे आहे. संपादक नंतर दुरुस्त करतो, पण एका ब्रँडची हजार उत्पादने असतील तर तो हजार ठिकाणी तेच करीत बसेल. तुमच्या बाजूने एवढेच करता येईल की, ब्रँडच्या स्वतंत्र रकान्यात नाव भरलेले आहे ना, हे पाहा. पुष्कळ विक्रेते ते फक्त शीर्षकात लिहितात, आणि मग हे नाव आहे हे यंत्राला कळण्याचा मार्गच उरत नाही.

रानवाटा
रकाना रिकामाच होता. भरतो. तरी नावाचे भाषांतर करू नये एवढे कळायला रकाना कशाला लागतो, हे मला पटलेले नाही.

पानमागचा
सर्वांनी अर्थाबद्दल लिहिले, मला शीर्षक कुठे तुटते त्याबद्दल लिहायचे आहे. गूगल मर्चंट सेंटरमध्ये शीर्षकाला १५० वर्णांची मर्यादा आहे आणि ग्राहकाला बहुधा पहिली ७० किंवा त्याहून कमी वर्णे दिसतात. दुकानाच्या स्वतःच्या ॲपमधली यादी तर याहून लवकर तुटते. मराठीत विशेषणे आधी आणि नाम शेवटी येते, त्यामुळे यंत्राने शब्दक्रम 'बरोबर' लावला की वस्तूचे नावच तुटलेल्या भागात जाते. वरचा नमुना अरुंद पडद्यावर 'K200 घड्याळाशी सुसंगत…' इथेच थांबेल. ग्राहकाला घड्याळ दिसले. पट्टा हा शब्द पडद्याबाहेर राहिला आणि 'घड्याळ समाविष्ट नाही' ही सूचना तर पार टोकाला गेली.

म्हणून मी वस्तूचे नाव पहिल्या दोन-तीन शब्दांत आणतो, मग ते वाक्य म्हणून थोडे अवघडलेले वाटले तरी चालेल: 'घड्याळाचा पट्टा, K200 साठी, …'. शीर्षकात स्वल्पविरामांनी जोडलेले तुकडे हे वाक्यापेक्षा अधिक प्रामाणिक असतात. आणि संपादकाच्या पडद्यावर पूर्ण शीर्षकाखाली त्याचे तुटलेले रूपही दिसायला हवे. ते दिसत नसेल तर संपादक ग्राहकाला कधीच न दिसणारा मजकूर तपासत असतो.

गणकयंत्र
याला एक तांत्रिक जोड देतो. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये ती सहा वर्णे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. जुनी प्रणाली बाइट मोजत असेल तर UTF-8 मध्ये त्यांचे अठरा बाइट होतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. म्हणजे १५० बाइटच्या रकान्यात देवनागरीची जेमतेम ५० वर्णे मावतात. शिवाय कापताना जोडाक्षराचा विचार केला नसेल तर शेवटी लोंबकळणारा हलन्त उरतो किंवा मात्रा गळून वेगळाच शब्द तयार होतो. शीर्षकाच्या शेवटी हलन्त दिसला, तर चूक कापणाऱ्या प्रणालीची आहे आणि भाषांतराची नाही, हे ओळखून तक्रार योग्य ठिकाणी पाठवावी.

खडूस_वाचक
तळटीप यांनी खोक्यातून काय निघेल ते विचारायला सांगितले आणि काहीजण त्यासाठी चित्र पाहायला सांगतील. चित्रावर मात्र विश्वास ठेवू नका. पट्ट्याचे चित्र नेहमी घड्याळाला बसवूनच काढलेले असते.

तळटीप
बरोबर आहे, आणि म्हणूनच मी रकाने म्हटले, चित्र म्हटले नाही. तरीही चित्र पाहावेच, मात्र वेगळ्या कारणासाठी. चित्रात घड्याळ दिसते आणि तुटलेल्या शीर्षकातही घड्याळच दिसते, म्हणजे दोघे मिळून ग्राहकाची चुकीची समजूत पक्की करतात. अशा उत्पादनात शीर्षकाच्या पहिल्या भागावर अधिक जबाबदारी येते.

सारंग_प
आपण सर्व फार खोलात जात आहात असे मला वाटते. पश्चसंपादनाचे हलके आणि पूर्ण असे दोन प्रकार या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत, आणि शीर्षकांसारख्या अल्पायुषी मजकुराला हलके पश्चसंपादन पुरते. आयएसओ १८५८७ हे २०१७ चे मानकदेखील हा फरक मानते. प्रत्येक पट्ट्यासाठी चार टप्पे केले तर यंत्र वापरून काय साधले?

मीनाक्षी
सारंगजी, त्या मानकाचा मुख्य भर पूर्ण पश्चसंपादनावर आहे, हे आधी नोंदवते. हलक्या संपादनात सूट मिळते ती शैलीला. 'सुसंगत' हा शब्द रुक्ष आहे, 'समाविष्ट नाही' याऐवजी 'मिळणार नाही' अधिक सहज आहे, असले बदल वेळ नसेल तर सोडून द्यावेत, हे मान्य. अर्थ, आकडा आणि नकार यांना सूट नाही. शीर्षकात मुळात दहा-बारा शब्द असतात, त्यातला एक चुकला तरी आजूबाजूच्या मजकुरातून वाचकाला तो सावरून घेता येत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. सगळी शीर्षके सारख्या काळजीने वाचणे अशक्य असते. आम्ही विद्युत उपकरणे, मुलांच्या वस्तू, त्वचेला लागणाऱ्या वस्तू आणि मौल्यवान धातू एवढे विभाग प्रत्येक शीर्षकासह वाचतो. बाकीच्यांत नकार असलेली आणि 'साठी' असलेली शीर्षके वेगळी काढून वाचतो, कारण गोंधळ तिथेच होतो. उरलेल्यांचा नमुना पाहतो.

सारंग_प
नमुन्याने चालत असेल तर माझा आक्षेप बराचसा मिटतो. तरी 'साठी' असलेली शीर्षके निम्म्याहून अधिक निघतील, असे वाटते.

मीनाक्षी
सुट्या भागांच्या विभागात तसे होतेच. तिथे आम्ही शीर्षके न वाचता साचे वाचतो. एकाच पट्ट्याचे सहा रंग आणि तीन मापे असतील तर अठरा शीर्षके होतात. यंत्र प्रत्येकाचे स्वतंत्र भाषांतर करते आणि मग एकात 'पट्टा', दुसऱ्यात 'स्ट्रॅप', तिसऱ्यात 'बँड' असे येते, व ग्राहकाला या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. म्हणून साचा एकदा तपासायचा आणि रंग व माप रिकाम्या जागेत भरायचे.

पानमागचा
त्या रिकाम्या जागेत मराठीची एक अडचण आहे. काळा पट्टा, काळी पिशवी, काळे झाकण. साचा एका नामासाठी लिहिला आणि दुसऱ्यासाठी वापरला की लिंग बिघडते. आम्ही रंग विशेषण म्हणून न भरता 'रंग: काळा' असा भरतो. मग विशेषण 'रंग' या पुल्लिंगी शब्दाचे होते आणि वस्तू कोणत्याही लिंगाची असली तरी साचा टिकतो.

अनुपमा_सं
ही युक्ती आजच वापरते. आतापर्यंतच्या चर्चेवरून शीर्षक असे केले आहे:

```
घड्याळाचा पट्टा, K200 साठी, स्टेनलेस स्टील, रंग: चंदेरी, रुंदी 20 मिमी, 2 नग (घड्याळ मिळणार नाही)
```

'बदली' हा शब्द काढला, कारण सुटा पट्टा घेणारा माणूस तो बदलण्यासाठीच घेतो. 20 मिमी ही रुंदी आहे, हे रकान्यातून कळले.

खडूस_वाचक
'2 नग' म्हणजे काय? घड्याळाच्या पट्ट्याचे मुळात दोन तुकडे असतात, एक बकलाच्या बाजूचा आणि एक भोकांचा. दोन पूर्ण पट्टे मिळणार, की एकाच पट्ट्याचे दोन तुकडे?

अनुपमा_सं
स्टीलच्या पट्ट्याला भोके नसतात, पण प्रश्न रास्त आहे. कडीला जोडणारे भाग त्यातही दोनच असतात. रकान्यात नुसते 'नगसंख्या: 2' आहे. त्यावरून ठरवता येत नाही.

तळटीप
मग ठरवू नका. ही उणीव मराठी शीर्षकाची नसून मूळ शीर्षकाची आहे, आणि तुम्ही अंदाजाने 'दोन पट्टे' लिहिले तर उरलेल्या तीन भाषांचे संपादक आपापले वेगळे अंदाज बांधतील. विक्रेत्याला विचारून मूळ शीर्षकच दुरुस्त करून घ्यावे म्हणजे चारही भाषांत एकदमच फरक पडेल. तोवर शीर्षक अडवून ठेवण्याचा अधिकार संपादकाला असावा. तो अनेक ठिकाणी नसतो, हे मला ठाऊक आहे.

गणकयंत्र
मूळ शीर्षक दुरुस्त करण्यात एक धोका आहे. विक्रेत्याने मूळात एखादा स्वल्पविराम जरी बदलला, तरी बऱ्याच प्रणाली सगळे शीर्षक नव्याने यंत्राकडे पाठवतात आणि संपादकाने केलेले काम पुसले जाते. 'चंदेरी' पुन्हा 'चांदी' होते आणि कोणाला पत्ता लागत नाही. माणसाने तपासलेल्या शीर्षकाला कुलूप असावे. मूळ बदलले तर यंत्राने नवे भाषांतर वर न लादता संपादकाला जुने मूळ, नवे मूळ आणि आपले शीर्षक दाखवून विचारावे. तुमच्या प्रणालीत असे आहे का, हे आधी पाहा.

अनुपमा_सं
कुलूप नाही. गेल्या महिन्यातल्या काही दुरुस्त्या आता शोधल्या, तर त्या परत पूर्वीसारख्या झालेल्या दिसल्या. ही तक्रार आज वर पाठवते. विक्रेत्याचे उत्तरही आले आहे: दोन पूर्ण पट्टे मिळतात. मूळ शीर्षकात तसे लिहायला तो तयार आहे, पण कुलूप बसेपर्यंत त्याने मूळाला हात लावू नये, असे मी त्याला कळवले आहे. मराठीत '2 पूर्ण पट्टे' असे लिहून ठेवले.

वाटाड्या
आणि उरलेल्या तीन भाषांत?

अनुपमा_सं
त्या संपादकांना विक्रेत्याचे उत्तर आणि रकान्यांतली माहिती पाठवली आहे. माझे मराठी शीर्षक मुद्दामच पाठवले नाही, नाहीतर ते त्याचेच भाषांतर करतील.